मला धरून मोजा

संक्रांत होऊन गेली होती, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरत होते, आणि मी रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसून लोकांची स्टेटसं बघत होतो. मास्तरच्या स्टेटसवर आधी नुसता एक तळहात आला. त्यावर नुकताच चोळलेला हुरडा, हिरवागार, मध्येमध्ये राखेचे ठिपके. पुढच्या फोटोत आगटी आणि तिच्याभोवती उकिडवी बसलेली आमची सगळी टोळी. अण्णा कणसं खुपसतोय, डॉक्टर तोंड भरलेलं असताना काहीतरी सांगतोय, शेतवाला पाठमोरा. तिसऱ्या फोटोत लिंबाखाली अंथरलेली चादर, तिच्यावर शेंगाचटणीचा डबा, गुळाची ढेप, दह्याचं पातेलं. ती चादर मी दोन बोटांनी मोठी करून बघितली. मरून रंग, मोर, आणि एका कोपऱ्याला इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण. तो त्रिकोण आमच्या घरात पडलेला आहे. एका पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला गेलो होतो तेव्हा ती मी नेली होती. ओली झाली म्हणून अण्णाच्या डिकीत टाकली आणि ती तिथंच राहून गेली.

चादर गेली होती. मी नव्हतो.

त्यानंतर मी जे केलं ते बहुतेक सगळेच करत असावेत, फक्त कुणी सांगत नाही. फोटोतली डोकी मोजली. दोन गाड्या दिसत होत्या, म्हणजे जागा होती की नव्हती याचा हिशेब केला. सावली बघून वेळेचा अंदाज बांधला. अकराच्या सुमारास हे लोक आगटीपाशी होते, तेव्हा मी नवीपेठेत फोनचं कव्हर शोधत फिरत होतो. म्हणजे अगदी मोकळा होतो. मग ग्रुप उघडून मागं मागं गेलो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हुरड्याचा एक अवाक्षर नाही. सुविचार, वाढदिवसाचे केक, कुणीतरी पाठवलेली पेन्शनची बातमी. म्हणजे हे ठरलं कुठं तरी दुसरीकडेच. दुसरा ग्रुप आहे हे त्या क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर हुरडा हुकल्यापेक्षा ते जास्त टोचलं. एखादी गोष्ट आपल्याला वगळून होते तेव्हा ती नुसती होत नाही, तिच्यासाठी एक वेगळी जागा आधी तयार झालेली असते.

बायकोला फोटो दाखवला नाही. पण तिनं जेवताना विचारलंच, "काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसानं "मला हुरड्याला नेलं नाही" म्हणून तोंड पाडून बसायचं, हे सांगायलाही लाज वाटते. शाळेतल्या पोरानं सांगितलं तर लोक त्याला जवळ घेतील. आमच्या वयात माणूस म्हणतो, "बरं झालं, परवा ॲसिडिटीच होती."

न बोलावण्याचं कारण मला अंधुक माहीत होतं. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असा आमच्या घराचा आठवडा बांधला गेला होता. एका वेळेला चार तास यंत्रावर, वर जाणं-येणं, आणि दुसऱ्या दिवशी ती इतकी गळून गेलेली असायची की तिला सोडून कुठं जावंसं वाटत नसे. रविवार तेवढा रिकामा, पण त्या रविवारी मी झोपायचो. मित्र बोलवायचे. मी नाही म्हणायचो. आधी ते आग्रह करायचे, मग नुसतं विचारायचे, मग "तुला जमणार नाहीच, पण सांगून ठेवतो" असं म्हणायला लागले, आणि एक दिवस तेही थांबलं. यात कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा हेच सगळे आले होते. अण्णा तर दहाव्यापर्यंत रोज येऊन बसायचा, काही न बोलता. वाईट काळात येणारे लोक चांगल्या काळात बोलवत नाहीत, हे ऐकायला उलटं वाटतं, पण मला ते नंतर पटलं. दुःखाला बोलावणं लागत नाही. कळलं की माणसं येतात. मजेला मात्र यादी लागते, आणि यादी कुणीतरी घाईत, सवयीनं करतं.

लेक पुण्याला मानसशास्त्र शिकते. तिच्याशी फोनवर बोलताना मी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट म्हणून हे सांगितलं. तिला कळलं असणार, पण तिनं तसं दाखवलं नाही. तिनं मला किपलिंग विल्यम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किस्सा सांगितला. हा माणूस कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता, तेव्हा शेजारी फ्रिस्बी खेळणाऱ्या दोघांची तबकडी त्याच्यापाशी येऊन पडली. त्यानं ती परत फेकली. त्यांनी पुन्हा त्याच्याकडे टाकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ झाला. मग अचानक ते दोघं आपापसातच खेळायला लागले. ओळख ना पाळख, तरी याला इतकं लागलं की त्यानं त्यातूनच पुढं प्रयोग उभा केला. संगणकाच्या पडद्यावर तिघं चेंडू टाकतात. सुरुवातीला दोन-तीनदा तुमच्याकडे येतो, नंतर येतच नाही. 2000 मध्ये हे काम छापून आलं. पण लेकीनं सांगितलेली मला खरी चटका लावणारी गोष्ट चार वर्षांनी झालेल्या पुढच्या अभ्यासातली होती. काही जणांना आधीच सांगून टाकलं होतं की समोर माणसं नाहीतच, हे नुसतं यंत्र आहे. तरीही चेंडू यायचा थांबल्यावर त्यांना वाईट वाटलंच.

म्हणजे मास्तर, अण्णा, डॉक्टर हे माझ्याशी कसे वागले याचा निवाडा करण्याआधीच माझ्या पोटात खड्डा पडलेला होता. ती कळ आधी येते आणि कारणं आपण मागाहून शोधतो. हे कळल्यानं कळ कमी झाली नाही, पण एक फायदा झाला. आपल्याला वाईट वाटलं म्हणजे त्यांनी वाईट केलंच असणार, हा जो मी रात्रभर चालवलेला खटला होता, तो जरा ढिला पडला.

आता प्रश्न होता बोलायचं कसं. पहिला मजकूर मी स्टेटसखालीच लिहिला होता: "मजा करा बाबा, आम्हाला कोण विचारतं!" आणि पुढं हसण्याचं चित्र. पाठवला नाही. असल्या टोमण्याला समोरचा टोमण्यानंच उत्तर देतो, "ये की बे, कोण अडवलंय", आणि विषय तिथंच हसण्यावारी संपतो. आपण विचारलंही आणि विचारलं नाहीही. दुसरा मजकूर मोठ्या ग्रुपवर टाकायचा होता: "हुरड्याचं मला का कळवलं नाही?" हा तर आणखी वाईट. "का" विचारलं की समोरच्याला खुलासा द्यावा लागतो, आणि वीस-पंचवीस जणांच्या देखत खुलासा कोण देणार? सगळे वाचतात, निळ्या खुणा दिसतात आणि कुणी काही लिहीत नाही. अर्ध्या तासानं कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं. शिवाय त्या ग्रुपवर हुरड्याला न गेलेले आणखी पंधरा जण होते. ज्यांना वाईट वाटलं नव्हतं त्यांनाही मी वाटायला लावलं असतं.

तिसरा मजकूर मास्तरला होता. मास्तर माझा सगळ्यात जवळचा, म्हणून त्यालाच सांगावं असं वाटत होतं. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की मास्तर कधीच काही ठरवत नाही. तो गाडीत बसतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो. त्याला सांगितलं असतं तर तो कानकोंडा झाला असता, मग त्यानं अण्णाला सांगितलं असतं, "ह्याला वाईट वाटलंय बघ," आणि माझी साधी विनंती अण्णाकडे पोचेपर्यंत तक्रार झाली असती. प्रत्येक टोळीत फोन करणारा, गाड्या मोजणारा एकच असतो. आमच्यात तो अण्णा. विचारायचं तर त्यालाच, आणि मधे कुणी नको.

तरी आठवडा तसाच गेला असता. आमच्या घरात "बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही" हे आईनं फार घट्ट बसवलेलं होतं. शेजारी सत्यनारायण असला आणि निरोप आला नाही, तर वास येत असूनही आम्ही शिऱ्यासाठी खिडकीपाशी उभंसुद्धा राहायचं नाही. आपल्याकडे मानाच्या गोष्टी ठरलेल्या असतात आणि तेच बरं असतं असं मला यंदा गड्ड्याच्या दिवसांत फार वाटलं. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, कुठला पुढं आणि कुठल्याचा मान कुणाकडे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. काठी पेलणाऱ्याला "मला घेता का" असं विचारावं लागत नाही, तो त्याचा हक्कच असतो. मैत्रीत असा कुठलाच मान लिहून दिलेला नसतो. तीस वर्षं बरोबर असलात तरी दर वेळची यादी नव्यानं होते. त्यामुळं ज्याला यादीत यायचंय त्याला कधी ना कधी तोंड उघडावंच लागतं, हे मला फार उशिरा आणि फार नाखुशीनं मान्य झालं.

शेवटी मला ढकललं ते ज्वारीनं. हुरडा हा काही थांबणारा माल नाही. दाण्यात चीक असतो तोवर तो पाणचट लागतो, आणि पिठूळ व्हायला लागला की निबर. मधले जे थोडे दिवस दाणा भरलेला पण मऊ असतो, साखरेचा स्टार्च व्हायचा बाकी असतो, तेवढ्यातच तो गोड. फेब्रुवारी निम्मा झाला की रानात सगळीकडे दाणा कडक व्हायला लागतो. म्हणजे "पुढच्या खेपेला मला धर" हे मी पंधरा दिवसांनी म्हटलं असतं तर पुढची खेप थेट पुढच्या वर्षी. मग ते विनंती न राहता नुसतं कुरकुरणं झालं असतं.

बुधवारी सकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठानं अण्णा फिरायला येतो हे मला माहीत होतं. मी मुद्दाम तिथं गेलो, पण सहज भेटल्यासारखं दाखवलं. हे नाटक मला आवडलं नाही, पण केलं. दोघं शेजारी शेजारी चालत होतो, तोंडाकडे बघायचा प्रश्न नव्हता, त्याचा फार उपयोग झाला. किल्ल्याच्या बाजूचं वळण आलं तेव्हा मी म्हटलं,

"अण्णा, रविवारी हुरड्याला गेलता ते बघितलं स्टेटसवर. मला पण यायचं होतं बे. आता मी मोकळा असतो. परत जाणार असाल तर मला धरून मोज."

एवढंच. हे चार वाक्यांचं भाषण मी घरी आरशासमोर पाठ केलं होतं हे इथं सांगायला हरकत नाही. त्यात "का" नव्हतं आणि "मला वाईट वाटलं" हेही नव्हतं. ते लपवायचं म्हणून नाही. ते सांगितलं असतं तर अण्णाला आधी माझी समजूत काढावी लागली असती, आणि समजूत काढून झाली की माणसाला वाटतं, झालं काम. मला समजूत नको होती, गाडीत जागा हवी होती.

अण्णा थोडा वेळ काही बोलला नाही. मग एका दमात म्हणाला, "अरे अचानकच ठरलं बे. गाडीत पण जागा नव्हती. आणि आईचं वर्ष व्हायचंय अजून, म्हटलं तुला चालंल का न्हाई." एका दमात तीन कारणं आली की समजावं, यातलं खरं कारण एकही नाही, किंवा तिन्ही थोडी थोडी खरी आहेत. अचानक ठरलं म्हणावं तर दही विरजून आणलेलं फोटोत दिसत होतं. वर्षाचं म्हणावं तर ते अगदीच खोटं नव्हतं. वर्ष होईपर्यंत माणसाला सणासमारंभाला बोलवावं की नाही, या विचारानं बरेच लोक गप्प बसतात, आणि विचारून घेण्यापेक्षा गप्प बसणं त्यांना जास्त सभ्यपणाचं वाटतं. माझ्या जिभेवर होतं, "दही तर तयार होतं की." गिळलं. कारणं खोडायला गेलो असतो तर वाद जिंकून घरी परतलो असतो.

"ते राहू दे," मी म्हटलं. "परत कधी जाताय ते सांग."

अण्णानं चालता चालता आभाळाकडे बघितलं. "खालच्या रानात मागास पेर हाय म्हणत होता तो. हस्तात पेरलेली. बघतो विचारून."

"बघतो" हा शब्द घेऊन मी दोन दिवस काढले. बायकोला तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, विचारलंत ते बरं केलंत. पण तारीख आली तर खरं." तिला याचा अनुभव आहे. तिच्या ओळखीतल्या काही बायका महिन्यातून एकदा कुठं कुठं जातात, कधी अक्कलकोटला, कधी नुसतं भेळ खायला. तिनं दोन-तीनदा विचारलं होतं. दर वेळी "अगं हो, पुढच्या वेळी नक्की," आणि पुढच्या वेळी पुन्हा फोटोच. तिनं सोडून दिलं आणि तिचं बरोबर होतं. विचारण्यानं विसरलेल्या माणसाला आठवण होते, पण ज्याला आपण नकोच आहोत त्याला आपण हवे वाटत नाही. आणि यातला कोण कुठला हे विचारण्याआधी कळायला काही मार्ग नाही. उत्तरातून तेवढं कळतं: "नक्की", "बघू", "कळवतो" हे हवेत राहतं. वार, वेळ, आणि तू काय आणणार, हे आलं की ते खरं.

लेकीनं या बाबतीतही एक अभ्यास सांगितला होता, 2008 सालचा. लोकांना अनोळखी माणसांकडून फॉर्म भरून घ्यायला पाठवलं आणि आधी अंदाज विचारला. पाच फॉर्म भरून मिळायला वीसेक जणांना विचारावं लागेल असं ते म्हणाले होते, प्रत्यक्षात दहाएक जणांत काम झालं. समोरून नाही म्हणणं किती अवघड जातं हे विचारणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, असा त्याचा अर्थ. मी तिला म्हटलं, म्हणजे अण्णा हो म्हणाला तर तो नाही म्हणता येत नाही म्हणून? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ना." पण शंका काही चुकीची नव्हती. फॉर्म भरून देणारा पुन्हा भेटत नाही. मित्र संकोचानं हो म्हणाला तर तो संकोच दिवसभर तुमच्याबरोबर गाडीत बसतो.

शुक्रवारी रात्री फोन वाजला. मला एका ग्रुपमध्ये घेतलं होतं, नाव नुसतं "रान". आधीचे निरोप काही दिसत नव्हते, बरंच झालं. पहिलाच निरोप अण्णाचा, "रविवारी साडेसात, सात रस्ता. ह्याला घेतलंय. ह्यानं दही आणावं." मी तो निरोप बऱ्याचदा वाचला.

देगाव मागं पडलं, तिऱ्ह्याला सीनेचा पूल लागला, कामतीच्या पुढं रान काळंभोर होत गेलं. गाडीत गप्पा चालल्या होत्या आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. "पोपट" म्हटलं की सगळे हसायचे. हा पोपट म्हणजे मागच्या वर्षी बेगमपूरच्या पुलाजवळ झालेलं काहीतरी, हे मला मास्तरनं समजावून सांगितलं, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला जसं हसतात तसा मी हसलो. दोन वर्षं गैरहजर राहिलं की माणसांचं काही बिघडत नाही, पण बोलण्यात असे खड्डे पडतात. शिवाय सगळे माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागत होते. पुढच्या सीटवर मला बसवलं. रानात पोचल्यावर सावलीतली जागा मला दिली. कणीस भाजून झालं की पहिली मूठ माझ्या हातावर, "खा की बे, खा की." गूळभेंडीचा हुरडा, कोवळा, गरम, लसणाच्या चटणीबरोबर नाकातून पाणी काढणारा. आणि मला तो गोड लागत असताना नीट गोडही लागत नव्हता. मागून मिळालेल्या गोष्टीला एक बारीक चव असते, ती दुसऱ्या कुणाला लागत नाही.

मग मी उठून आगटीपाशी जाऊन बसलो. शेतवाला म्हणाला, "तुला भाजंल, बस तिकडं." मी बसून राहिलो. गोवऱ्यांचा धूर थेट डोळ्यात येत होता. कणसं फुफाट्यात खुपसायची, फिरवत राहायची, हिरव्यावर करडी झाक आली की बाहेर ओढायची, एकदा आपटून राख झाडायची आणि ऊन ऊन असतानाच तळहातांत धरून चोळायची. गार झालं की दाणा बोंडातून सुटत नाही. माझे हात गेल्या काही वर्षांत मऊ पडले होते, पहिल्या दोन-तीन कणसांनाच लाल झाले. कुसळं मनगटाला चिकटून खाज सुटली. फुंकर मारून फोलपटं उडवायची तर माझ्या फुंकरीनं निम्मा हुरडाच उडाला. तरी मी चोळत राहिलो. डॉक्टर येऊन माझ्या मुठीतले दाणे तोंडात टाकून म्हणाला, "काय बे हे? चिकातलं कणीस काढलास. नख लावून बघत जा की." त्यानं एक दाणा नखानं दाबून दाखवला, पांढरं पाणी उडालं. दुसऱ्या कणसाचा दाबला, तो कणकेसारखा दबला. "हे असलं घे. असलं येड्यागत खायला घालतोस व्हय लोकांना!" सकाळपासून मला कुणी पहिल्यांदाच शिवी दिल्यासारखं बोललं होतं, आणि माझे खांदे जरा खाली आले.

दुपारी वांग्याची भाजी, कडक भाकरी, ताक झालं. हरभऱ्याचा टहाळ झाला. चादरीवर मी आडवा झालो, त्या त्रिकोणावर डोकं ठेवून. कुणालाच आठवत नव्हतं की ती माझी आहे. मीही बोललो नाही. परत मागितली असती तर ती घरी आली असती आणि कपाटात गेली असती.

संध्याकाळी घरी पोचलो तोवर ग्रुपवर अण्णानं हिशेब टाकला होता. पेट्रोल, ढेप, चटणी, वांगी, शेतवाल्याच्या गड्याला दिलेले पैसे, खाली नावं आणि प्रत्येकी साडेतीनशे. यादीत माझं नाव नव्हतं. मी विचारलं तर अण्णाचं उत्तर आलं, "राहू दे बे. तू पाहुणा. दही आणलास की."

हे मला स्टेटसपेक्षा जास्त लागलं. स्टेटसच्या वेळी निदान विसरले होते असं म्हणता येत होतं. आता विचार करून, प्रेमानं, मला बाहेर ठेवलं होतं. पाहुण्याकडून वर्गणी घेत नाहीत, आणि पाहुण्याला पुढच्या वेळी विसरलं तर त्यात काही वावगंही नसतं. तेव्हा मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड होतं, कारण आता मी कृतघ्न दिसण्याची शक्यता होती. पहिल्या विनंतीचं भाषण पाठ करता आलं होतं. याचं काही सुचेना. म्हणून लिहिलंच नाही. सरळ साडेतीनशे रुपये अण्णाला पाठवले आणि ग्रुपवर "दिले" एवढंच टाकलं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, झालं, आता अण्णाला राग आला असणार. तेवढ्यात मास्तरचा निरोप आला: "कामतीच्या चहाचे ह्यात धरलेले नाहीत. प्रत्येकी वीस अजून."

मी लिहिलं की मी चहा घेतलाच नव्हता, मी गाडीतच बसलो होतो. डॉक्टर म्हणाला, घेतलास, मी स्वतः आणून दिला. मी म्हटलं, तो तू मास्तरला दिलास, आणि माझ्या नावावर फुकट वीस रुपये लावायचे नाहीत. अण्णा म्हणाला, वीस रुपयांसाठी रात्री दहा वाजता कशाला भांडताय बे. त्यावर शेतवाल्यानं, जो दिवसभर चार शब्द बोलला नव्हता, लिहिलं की दही आंबट होतं, त्याचे वीस कापून घ्या. दही आंबट नव्हतं. बायकोनं रात्री दहाला विरजलं होतं आणि सकाळी निघताना मी स्वतः चाखून बघितलं होतं, तेव्हा ते मी त्यांना सविस्तर लिहून कळवलं.